चोवीस दिवसांचे चोपन्न कसे झाले: चाकणच्या एका कारखान्यातल्या भरतीच्या आकड्यांचे प्रकरण

चाकण एमआयडीसीत गिअर आणि शाफ्ट बनवणारा एक कारखाना आहे. कायम कर्मचारी सहाशेच्या आसपास, आणि एचआरमध्ये भरतीचे काम पाहणारे दोघे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिमाहीचा आढावा होता आणि भरतीच्या पानावर दोनच आकडे होते. जुलै ते सप्टेंबरमध्ये एक पद भरायला सरासरी २४ दिवस लागले होते, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ५४. दर भरतीमागचा खर्च २२ हजारांवरून ६० हजारांवर गेला होता. प्लांट हेडने सरळ विचारले, "मॅडम, माणसे कमी घेतली, वेळ दुप्पट लागला आणि खर्च जवळजवळ तिप्पट. मग केलं काय तीन महिने?" माणसे शोधून देणारा बाहेरचा कन्सल्टंट बंद करावा आणि रिक्रूटरच्या व्हेरिएबल पेमध्ये ‘३० दिवसांत पद भरणे’ हे उद्दिष्ट घालावे, असे दोन प्रस्ताव त्याच बैठकीत आले.

प्रकरण पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात नेहमी दिसणाऱ्या परिस्थितीवरून बांधले आहे आणि हिशेब डोक्यात राहावा म्हणून आकडे सोपे घेतले आहेत. पानावरचे दोन्ही भागाकार बरोबर होते. तरीही त्यांवरून काढलेला निष्कर्ष उलटा होता, कारण दुसऱ्या तिमाहीत भरतीचे काम सुधारले होते.

घड्याळ कुठे सुरू होते, कुठे थांबते

पद भरायला लागलेले दिवस मोजताना या कारखान्यात पदाला मंजुरी मिळाली ती तारीख सुरुवातीची धरतात आणि उमेदवाराने ऑफर लेखी स्वीकारली ती शेवटची. हीच पद्धत बहुतेक ठिकाणी चालते आणि ती ठीक आहे. उमेदवाराने अर्ज केल्यापासून ऑफर स्वीकारेपर्यंतचे दिवस हे वेगळे माप आहे. त्याला टाइम टू हायर म्हणतात आणि ते सहसा लहान असते. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवताना एकीचे हे आणि दुसरीचे ते असा घोळ सर्रास होतो.

ऑफर स्वीकारली म्हणजे खुर्ची भरली असे नाही, हे पुण्यात तरी कुणाला सांगायला नको. इंजिनिअरचा नोटीस पिरियड ६० दिवसांचा, आयटीत ९० दिवसांचा. शॉप फ्लोअरवरचा माणूस आठवड्यात रुजू होतो. म्हणून रुजू झाल्याच्या तारखेचा रकाना वेगळा ठेवावा लागतो. मात्र भरती विभागाचे काम मोजताना नोटीसचे दिवस त्यात घालू नयेत, कारण ते उमेदवाराच्या आधीच्या कंपनीच्या करारावर ठरतात.

सरासरीत कोण आहे आणि कोण नाही

पहिल्या तिमाहीत २० पदे भरली. त्यांत १६ सीएनसी ऑपरेटर होते, सरासरी १८ दिवस, आणि ४ इंजिनिअर होते, सरासरी ५० दिवस. सगळे दिवस मिळून ४८८, भागिले २०, म्हणजे २४.४. दुसऱ्या तिमाहीत १४ पदे भरली. ६ ऑपरेटर, सरासरी १६ दिवस, आणि ८ इंजिनिअर. सगळे दिवस ७५२, भागिले १४, म्हणजे ५३.७.

इथेच अर्धा उलगडा होतो. ऑपरेटर आणि इंजिनिअर यांची भरती एका सरासरीत घातली की आकडा कामाच्या वेगापेक्षा मिश्रणाबद्दल जास्त बोलतो. पहिल्या तिमाहीत पाचांतले चार ऑपरेटर होते, दुसऱ्या तिमाहीत निम्म्याहून कमी. ऑपरेटरचा वेग तर १८ वरून १६ दिवसांवर आला होता.

उरलेला अर्धा भाग इंजिनिअरच्या आठ पदांत आहे. त्यांचे दिवस असे: ३८, ४१, ४४, ४५, ४७, १३१, १४८ आणि १६२. सरासरी ८२ येते, पण यातल्या एकाही पदाला ८२ च्या जवळपास दिवस लागलेले नाहीत. पाच पदे दीड महिन्याच्या आसपास भरली आणि तीन पदांना चार ते साडेपाच महिने लागले. ही तिन्ही पदे नव्या ग्राहकाच्या गिअर लाइनसाठी १० जूनला एकदम मंजूर झाली होती. ती अनुक्रमे १९ ऑक्टोबर, ५ नोव्हेंबर आणि १९ नोव्हेंबरला भरली.

आता ३० सप्टेंबरचा अहवाल काढून पाहू. त्या दिवशी ही तिन्ही पदे ११२ दिवस रिकामी होती. त्या अहवालात ती कुठेच नव्हती, कारण सरासरी फक्त भरलेल्या पदांची काढतात. म्हणजे जुलै ते सप्टेंबरमध्ये अवघड पदे रखडत होती आणि आकडा छान दिसत होता. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ती मार्गी लागली आणि आकडा बिघडला. या मापाचा हा सगळ्यात मोठा दोष आहे. जुनी थकबाकी साफ करणाऱ्याला ते शिक्षा देते आणि थकबाकी तशीच ठेवणाऱ्याला बक्षीस. रिक्रूटरने ती तीन पदे मार्चपर्यंत लोळत ठेवली असती, तर डिसेंबरचा आकडा २८ दिवस आला असता आणि बैठकीत कुणी भुवईही उचलली नसती.

यावर उपाय म्हणजे पद भरले त्या तिमाहीऐवजी मंजूर झाले त्या काळानुसार गट पाडणे. जून-जुलैत इंजिनिअरची सात पदे मंजूर झाली होती. त्यांचे दिवस ४४, ४७, ५२, ५७, १३१, १४८, १६२. मधले, म्हणजे चौथे मूल्य ५७. ऑक्टोबरमध्ये मंजूर झालेल्या पाच पदांचे मधले मूल्य ४४. एकाच प्रकारच्या पदांना लागणारा काळ ५७ दिवसांवरून ४४ वर आला होता. बैठकीतला आकडा नेमके याच्या उलट सांगत होता.

हे मधले मूल्य, म्हणजे मध्यक, वापरण्याचा आणखी एक फायदा आहे आणि तो फारसा वापरला जात नाही. ३० सप्टेंबरलाच जून-जुलैच्या सात पदांचा मध्यक काढता आला असता. चार भरली होती आणि तीन ११२ दिवसांवर उघडी होती. ती पुढे केव्हाही भरली असती, तरी त्यांचे दिवस ११२ च्या वरच जाणार होते, म्हणून मधले मूल्य ५७ च राहणार होते. सरासरीला मात्र शेवटचे पद भरेपर्यंत थांबावे लागते. ही युक्ती उघड्या पदांचे वय मध्यकाच्या पुढे गेलेले असेल तेव्हाच चालते. डिसेंबरात मंजूर झालेली दोन पदे ३१ डिसेंबरला १२ आणि २० दिवसांची होती. ती १२ आणि २० म्हणून यादीत घातली तर मध्यक फसवा खाली येईल. त्यांच्याबद्दल तेव्हा काहीच बोलता येत नाही.

शीटमध्ये हे करायला फार काही लागत नाही. `B` रकान्यात मंजुरीची तारीख, `F` मध्ये ऑफर स्वीकारल्याची तारीख आणि `K1` मध्ये तिमाहीची शेवटची तारीख असेल, तर प्रत्येक पदासमोर हे सूत्र टाकायचे:

```
=IF(F2="",$K$1-B2,F2-B2)
```

पद भरले असेल तर लागलेले दिवस येतात, उघडे असेल तर तिमाहीअखेरपर्यंतचे वय. कुठला आकडा कशाचा आहे हे कळण्यासाठी शेजारी ‘भरले’ किंवा ‘उघडे’ असा रकाना हवाच.

१६२ दिवसांचे एक पद

तीनपैकी सर्वांत लांबलेले पद प्रोसेस इंजिनिअरचे होते, गिअर हॉबिंगसाठी. त्याच्या ईमेल आणि शीटमधल्या तारखा लावल्यावर पुढचा क्रम मिळाला.

१० जूनला मंजुरी आली. कामाचे नेमके वर्णन विभागाकडून २४ जूनला मिळाले, म्हणजे १४ दिवस गेले ते केवळ काय हवे आहे हे लिहून देण्यात. रिक्रूटरने २ जुलैला, ८ दिवसांत, अकरा बायोडेटा पाठवले. विभागप्रमुखांनी त्यातले चार निवडले २९ जुलैला. हे २७ दिवस बायोडेटा इनबॉक्समध्ये पडून होते. लाइन सुरू करण्याची गडबड होती आणि प्रमुख स्वतः शॉपवर उभे होते, त्यामुळे कारण समजण्यासारखे आहे, पण दिवस गेले ते गेलेच. मुलाखती १४ ऑगस्टला संपल्या, १६ दिवस. पगाराला मंजुरी मिळून ऑफर निघायला आणखी ११ दिवस, २५ ऑगस्ट. उमेदवाराने ती २८ ऑगस्टला स्वीकारली. इथवर ७९ दिवस झाले.

त्यानंतर २५ दिवसांनी, २२ सप्टेंबरला, त्याने नकार कळवला. जुन्या कंपनीने पगार वाढवून दिला होता. शिवाय तो राहायला कोथरूडला होता आणि कारखान्याची बस मोशीपर्यंतच येते हे त्याला ऑफरनंतर कळले होते. दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार एव्हाना दुसरीकडे लागला होता. पद कन्सल्टंटकडे दिले आणि ५८ दिवसांनी, १९ नोव्हेंबरला, नव्या उमेदवाराने ऑफर स्वीकारली. त्याचा नोटीस पिरियड ६० दिवसांचा, म्हणजे रुजू होणार १८ जानेवारीला. मंजुरीपासून खुर्ची भरेपर्यंत २२२ दिवस.

१६२ पैकी रिक्रूटरच्या हातात किती होते? पहिल्या फेरीत बायोडेटा जमवण्याचे ८ दिवस, ऑफर स्वीकारून घेण्याचे ३, मुलाखतींच्या तारखा जुळवण्यातला काही भाग आणि शेवटच्या ५८ मधला बराचसा भाग. वर्णन, निवड आणि पगाराची मंजुरी मिळून ५२ दिवस विभागाच्या आणि व्यवस्थापनाच्या टेबलावर गेले. हा एकच आकडा ‘भरतीला लागलेला वेळ’ म्हणून एचआरच्या नावावर पडतो, ही गोष्ट टप्पे वेगळे केल्याशिवाय दिसत नाही. टप्प्यांसाठी फक्त सहा तारखा नोंदवाव्या लागतात: मंजुरी, वर्णन, बायोडेटा पाठवले, निवड झाली, शेवटची मुलाखत, ऑफर. पाहिजेत तर त्या ईमेलवरून मागाहूनही काढता येतात.

ऑक्टोबरच्या पदांना ४४ दिवस लागले ते यामुळेच. सप्टेंबरअखेरीस दोन गोष्टी ठरल्या होत्या. विभागप्रमुख बायोडेटावर तीन कामाच्या दिवसांत उत्तर देतील, आणि मंगळवारी व गुरुवारी दुपारी मुलाखतींसाठी दोन तास राखून ठेवले जातील. पहिल्याच फोनवर उमेदवाराला राहण्याचे ठिकाण विचारून बसचा मार्ग सांगायचा, हेही तेव्हापासून सुरू झाले.

या पदाच्या नोंदीत एक प्रामाणिकपणाही आहे, आणि तो सहज नजरेआड होतो. नकार आल्यावर रिक्रूटरने जुनाच पद क्रमांक चालू ठेवला, घड्याळ मागे नेले नाही. अनेक ठिकाणी असे पद ‘नवीन’ म्हणून २२ सप्टेंबरपासून पुन्हा उघडतात. मग एका १६२ दिवसांच्या पदाच्या जागी ७९ आणि ५८ दिवसांच्या दोन सुबक नोंदी तयार होतात. सरासरी उतरते, भरलेल्या पदांची संख्या एकाने वाढते, त्यामुळे दर भरतीमागचा खर्चही उतरतो, आणि खुर्ची मात्र तेवढेच दिवस रिकामी असते. एखाद्या अहवालात भरलेली पदे आणि रुजू झालेली माणसे यांत मोठी तफावत दिसली, की आधी हेच तपासावे.

म्हणूनच ‘३० दिवसांत पद भरा’ हे उद्दिष्ट रिक्रूटरच्या पगाराला जोडणे धोक्याचे होते. पद नव्याने उघडणे, मंजुरीची नोंद बायोडेटा हाती आल्यावरच करणे, अवघड पद ‘होल्ड’वर टाकणे, हे तिन्ही मार्ग कुणालाही सुचतात, आणि त्यांतला एकही माणूस लवकर आणत नाही.

२२ हजार आणि ६० हजार

दर भरतीमागच्या खर्चाचे सूत्र साधे आहे. बाहेर दिलेला खर्च अधिक आतला खर्च, भागिले त्या काळात घेतलेली माणसे. अमेरिकेत एसएचआरएम या एचआर व्यावसायिकांच्या संघटनेने २०१२ मध्ये याचे मानक काढले. आयएसओ ३०४१४ या मनुष्यबळ अहवालाच्या मानकाच्या २०१८ च्या आवृत्तीतही हे माप आहे. सूत्रावर वाद नाही. कुठला खर्च कुठल्या महिन्यात धरायचा, भांडण तिथे असते.

पहिल्या तिमाहीत दोन रिक्रूटरचे पगार आणि पीएफ वगैरे मिळून ३ लाख, एका इंजिनिअरसाठी कन्सल्टंटचे ५० हजार, आणि वॉक-इन, मेडिकल, ओळखीने माणूस आणणाऱ्या कामगारांचे बक्षीस मिळून ९० हजार. एकूण ४ लाख ४० हजार, भागिले २०, म्हणजे २२ हजार. दुसऱ्या तिमाहीत पगाराचे तेच ३ लाख, कन्सल्टंटचे २ लाख २५ हजार, किरकोळ ७५ हजार, आणि जॉब पोर्टलची वर्षाची वर्गणी २ लाख ४० हजार, जी ऑक्टोबरात भरली. एकूण ८ लाख ४० हजार, भागिले १४, म्हणजे ६० हजार.

पोर्टलची वर्गणी वर्षभर वापरली जाते, म्हणून तिमाहीला ६० हजार धरायला हवेत. मागच्या वर्षीही दर तोच होता, तेव्हा पहिल्या तिमाहीच्या वाट्यालाही ६० हजार येतात. असे केल्यावर आकडे २५ हजार आणि ४७ हजार होतात. एका नोंदीची तारीख बदलली आणि तफावत ३८ हजारांवरून २२ हजारांवर आली. लेखा विभागाच्या बिलांच्या यादीत हे दिसत नाही. त्यांच्या दृष्टीने बिल ऑक्टोबरचे आहे आणि रोखीच्या हिशेबात ते बरोबरच आहे. भरतीच्या अहवालासाठी वेगळी शीट लागते ती याचसाठी.

कन्सल्टंटच्या बिलाचे उलटे होते. ते उमेदवार रुजू झाल्यावर येते, म्हणजे नोव्हेंबरात ऑफर स्वीकारलेल्या माणसाचे बिल जानेवारीत. भागाकारात खाली ऑफर स्वीकारलेली माणसे धरली असतील, तर वरही त्यांचीच फी धरावी, बिल आलेले नसले तरी. इथे एचआरने तसेच केले होते. जीएसटी त्यात धरलेला नाही, कारण कारखान्याला त्याचे क्रेडिट मिळते.

पगाराचे ३ लाख मात्र माणसे कितीही घेतली तरी तेवढेच राहतात. २० ने भागले तर माणशी १५ हजार, १४ ने भागले तर २१ हजारांच्या वर. भरती कमी झाली की खर्च ‘वाढतो’, यात कुणाची उधळपट्टी नाही. आणि काम तरी कमी झाले होते का? दोघांच्या वेळेचा अंदाज घेतला तेव्हा इंजिनिअरच्या एका पदाला ऑपरेटरच्या पदाच्या साधारण चौपट वेळ लागतो असे दिसले. ऑपरेटरला एक आणि इंजिनिअरला चार असे वजन दिले, तर पहिल्या तिमाहीत ३२ एकक काम झाले आणि दुसऱ्या तिमाहीत ३८. त्याच पगारात काम वाढले होते. हे वजन ढोबळ आहे, त्याचा दशांश काढत बसू नये. पण ‘माणसे कमी घेतली’ या वाक्याला उत्तर द्यायला ते पुरेसे आहे.

मुलाखती घेणाऱ्यांचा वेळ या हिशेबात धरलेला नाही, आणि मानकाप्रमाणे तो आतल्या खर्चात यायला हवा. मागच्या तिमाहीत धरला नसेल तर या तिमाहीत अचानक धरू नये. अपूर्ण पण सारखा हिशेब तुलनेला चालतो. मध्येच पूर्ण केलेला हिशेब चालत नाही.

कन्सल्टंट महाग होता का

तीन जुन्या पदांसाठी सीटीसी ९ लाखांच्या आसपास होता. कन्सल्टंटची फी ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा भाग, साधारण ७५ हजार. तिघांचे २ लाख २५ हजार. ही रक्कम ‘दर भरतीमागचा खर्च’ या शीर्षकाखाली नुसती पाहिली तर टोचते. ती रिकाम्या खुर्चीच्या किमतीशेजारी ठेवायला हवी.

रिकाम्या पदाची किंमत काढताना पगार भागिले ३६५ गुणिले दिवस असा एक हिशेब फिरत असतो. तो उलटा आहे. खुर्ची रिकामी असताना पगार वाचतो. खरी किंमत काम अडल्याने झालेल्या जादा खर्चाची असते आणि तीतून वाचलेला पगार वजा करावा लागतो. प्रोसेस इंजिनिअर नव्हता म्हणून हॉबिंगचे काही काम भोसरीत जॉबवर्कला जात होते. घरच्या खर्चापेक्षा आठवड्याला ४० हजार जास्त पडत होते. वाचलेला पगार आठवड्याला १७ हजारांच्या थोडा वर. म्हणजे खुर्ची रिकामी ठेवण्याची निव्वळ किंमत आठवड्याला सुमारे २३ हजार. ७५ हजारांची फी साडेतीन आठवड्यांच्या आत वसूल होते. हे पद जुलैतच कन्सल्टंटकडे गेले असते तर फायदा झाला असता, सप्टेंबरअखेर वाट पाहण्यात तोटा झाला.

मात्र हा हिशेब सगळ्या पदांना लावू नये. इतर दोन पदांपैकी एक मेंटेनन्स प्लॅनिंगचे होते. तिथे काम आहेत त्या माणसांनी ओढून नेले आणि बाहेर एक रुपयाही जादा गेला नाही. त्या पदासाठी ७५ हजार द्यायचे की आणखी महिनाभर पोर्टलवर शोधायचे, हा प्रश्न खुला होता. कन्सल्टंट ‘बंद’ किंवा ‘चालू’ असा निर्णय घेण्यापेक्षा, ४५ दिवस ओलांडलेल्या आणि बाहेर खर्च करायला लावणाऱ्या पदांपुरता तो ठेवावा, असे शेवटी ठरले.

स्वस्त भरतीची दुसरी बाजू

पहिल्या तिमाहीचे २२ हजार स्वस्त वाटत होते. त्यातल्या १६ ऑपरेटरांपैकी दहा जण ऑगस्टमधल्या एका दिवसाच्या वॉक-इनमधून आले होते आणि सहा कामगारांच्या ओळखीने. नव्वद दिवसांत पाच जण सोडून गेले, पाचही वॉक-इनमधले. दुसऱ्या तिमाहीत जे सहा ऑपरेटर ‘१६ दिवसांत’ घेतले, त्यातले पाच याच रिकाम्या झालेल्या जागांवर होते. एकच खुर्ची दोनदा भरली आणि दोन्ही वेळा ती भरती म्हणून मोजली गेली. दोन्ही मापे यावर खूश होतात, कारण माणूस सोडून गेला की लवकर भरणारे, स्वस्तात भरणारे आणखी एक पद मिळते.

पोर्टलचा वाटा धरून पहिल्या तिमाहीचा खर्च ५ लाख, आणि टिकलेली माणसे १५. टिकलेल्या माणसामागे खर्च ३३ हजारांच्या वर गेला. हा आकडा दुसऱ्या तिमाहीसाठी जानेवारीत काढता येणार नाही, कारण त्या माणसांचे नव्वद दिवस अजून झालेले नाहीत. हा रकाना नेहमी एक तिमाही मागे चालतो, आणि तसाच चालू द्यावा.

दहातले पाच आणि सहातले शून्य एवढ्यावरून वॉक-इन वाईट असे ठरवता येत नाही, संख्या फार लहान आहे. म्हणून सोडून गेलेल्यांना फोन केले. तिघांनी एकच सांगितले: तिसरी पाळी दर तीन आठवड्यांनी येते हे वॉक-इनच्या दिवशी कुणी बोलले नव्हते. ओळखीने आलेल्यांना ते आधीच माहीत होते, सांगणारा त्यांच्याच खोलीत राहणारा होता. पुढच्या वॉक-इनसाठी पाळ्यांचा तक्ता गेटवर लावायचे ठरले. त्याने रांगेतले काही जण परत जातील आणि माणशी खर्च थोडा वाढेल.

मार्चचा अहवाल

आता या अहवालात ऑपरेटर आणि इंजिनिअर वेगळे असतात, प्रत्येकाचा मध्यक आणि सर्वांत लांबलेले पद, उघड्या पदांचे वय, इंजिनिअरच्या पदांसाठी टप्प्यांचे दिवस, आणि खर्चात वर्षभराची बिले वाटून घेतलेली. खर्चाचा आकडा तिमाहीचा न ठेवता मागच्या बारा महिन्यांचा ठेवला आहे. चौदा-वीस माणसांवर काढलेला तिमाहीचा भागाकार एका कन्सल्टंटच्या बिलानेही हलतो.

जुनी पद्धत चालू राहिली असती, तर मार्चअखेरचे पान आपोआप सुंदर झाले असते. पोर्टलची वर्गणी त्या तिमाहीत नाही, जून महिन्याची तिन्ही पदे निकालात निघाली, आणि एप्रिलच्या पगारवाढीची वाट पाहत इंजिनिअर जागचे हलत नसल्याने भरती बहुतेक ऑपरेटरांचीच होईल. सरासरी पुन्हा तिशीच्या आत आणि खर्च पंचवीस हजारांच्या आसपास दिसेल, कुणी काही वेगळे न करता. त्या पानावर पाहायचे ते डिसेंबरात मंजूर झालेल्या दोन पदांकडे. ती तोवर भरली नसतील तर ३१ मार्चला त्यांचे वय १०२ आणि ११० दिवस असेल, आणि कुठल्याही सरासरीत ती सापडणार नाहीत.